चारशे एक की आठशे नऊ?

ज्या सोसायटीचा वार्षिक अहवाल मी गेली काही वर्षं जुळवून देतो, तिथे दोन वर्षांपूर्वी दारांवरच्या पाट्या बदलल्या. छान पितळी पाट्या, त्यावर ठसठशीत मराठी आकडे. महिन्याभरात तक्रार आली. पार्सल पोचवणारा एक मुलगा चौथ्या मजल्यावर पाटीसमोर उभा राहून फोनवर सांगत होता की मला 401 हवंय आणि इथे तर आठशे नऊ लिहिलंय. इमारत पाच मजल्यांची. आठवा मजला कुठून आणायचा?

पाटीवर ४०१ होतं. मुलगा परप्रांतातला, मराठी आकडे त्याच्या डोळ्यांखालून गेलेले नसावेत. मात्र तो वाचत होता ते अगदी वेड्यासारखं नव्हतं. आपला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो, दोन तोंडांनी वर उघडा एवढाच काय तो फरक. आपला १ म्हणजे इंग्रजी 9 चा चुलतभाऊ. मधलं शून्य दोन्हीकडे शून्यच. म्हणून ४०१ चे 809 झाले. याच हिशेबाने आपला ५ घाईत 4 वाटतो आणि ७ हा 6 वाटतो. मुंबईत नवख्या माणसाला बेस्टच्या बसने हा धडा कित्येक वर्षं दिला आहे. बसच्या कपाळावर मराठी आकडा, बाजूला इंग्रजी. समोरून येणारी बस ओळखायची तर १ ला नऊ म्हणून चालत नाही.

आकडे मराठी घ्यायचे की इंग्रजी, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा अभिमानाच्या अंगाने होतो. मजकूर जुळवणाऱ्या माणसाला तो वेगळ्या अंगाने दिसतो. हा आकडा कोण वाचणार आहे, त्याची बेरीज कोण करणार आहे, तो शोधायचा कोणाला आहे, हे आधी विचारावं लागतं. आणि मग ज्याची कोणी फारशी चौकशी करत नाही तो प्रश्न येतो: निवडलेल्या फॉन्टमध्ये हे आकडे कसे दिसतात आणि किती जागा घेतात?

कायद्याचं आधी उरकतो. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने संघराज्याच्या कामकाजासाठी देवनागरी लिपीतली हिंदी स्वीकारली, पण अंक मात्र ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’ घेतलं. म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो ते. नाव गमतीचं वाटलं तरी चुकीचं नाही, कारण दोन्ही वळणं मुळात इथल्याच जुन्या अंकांतून निघाली आहेत. त्याच कलमात पहिल्या पंधरा वर्षांपुरती राष्ट्रपतींना देवनागरी अंकही जोडीने वापरायला परवानगी देण्याची सोय होती. २०१६ च्या नव्या नोटांवर देवनागरी आकडे आले तेव्हा याच कलमाचा दाखला देऊन मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली गेली होती. खिशात पाचशेची नोट असेल तर काढून पाहा, 500 आणि ५०० दोन्ही सापडतील. हे कलम संघराज्याच्या कामकाजापुरतं आहे. तुमच्या लग्नपत्रिकेला, सोसायटीच्या अहवालाला, मासिकाला ते लागू नाही. गाडीच्या नंबरपाटीला मात्र नियम स्पष्ट आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ५० व्या नियमानुसार तिथे इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत. मराठी आकड्यांची पाटी कितीही सुबक असली तरी दंडाची पावती फाटते.

आता अहवालाकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच एका जागी पाहायला मिळाला.

खजिनदार काकांनी मजकूर तीन तुकड्यांत पाठवला होता. सचिवांचं निवेदन वर्डमध्ये, थकबाकीची यादी एक्सेलमध्ये, आणि सभेची सूचना व्हॉट्सॅपवर टाइप केलेली. मी सगळं एकत्र केलं. फ्लॅट नंबर २०३ चा उल्लेख कुठे कुठे आहे ते पाहायला शोध घेतला, तर दोनच ठिकाणी सापडला. डोळ्यांना पाच ठिकाणी दिसत होता.

कारण असं की संगणकाच्या लेखी मराठी २ आणि इंग्रजी 2 ही एकाच आकड्याची दोन रूपं नाहीत. ती दोन वेगळी अक्षरं आहेत, क आणि K जितकी वेगळी तितकी. युनिकोडमध्ये इंग्रजी 0 ते 9 यांचे क्रमांक 0030 ते 0039 आहेत. मराठी ० ते ९ यांचे 0966 ते 096F. दोन, तीन आणि शून्य हे तीन आकडे दोन्ही वळणांत इतके सारखे दिसतात की २०३ मध्ये कोणता कुठला हे छापील कागदावरून सांगणं अवघड. माझ्या फाइलमध्ये एका ठिकाणी २ मराठी, शून्य इंग्रजी आणि ३ परत मराठी होता. टाइप करणाऱ्याने वरच्या ओळीतून मराठी आकडे घेतले असतील आणि मध्येच हात उजवीकडच्या नंबरपॅडवर गेला असेल. अनेक मराठी कळपाटांवर वरची ओळ मराठी आकडे देते आणि नंबरपॅड इंग्रजीच देतं. माणसाला पत्ता लागत नाही, शोधाला आणि बेरजेला लागतो.

हे ओळखायची एक सोपी युक्ती वर्डमध्ये आहे. संशयित आकड्याच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि Alt+X दाबा. आकड्याच्या जागी त्याचा क्रमांक दिसेल. 0966 दिसलं तर मराठी शून्य, 0030 दिसलं तर इंग्रजी. परत Alt+X दाबलं की आकडा मूळ रूपात येतो. डावीकडे आणखी आकडे चिकटून असतील तर आधी तो एकटा आकडा निवडा, नाहीतर वर्ड शेजारच्यांनाही क्रमांकात धरू पाहतं.

एक्सेलच्या यादीची कथा वेगळी. खजिनदारांनी रकमा इंग्रजी आकड्यांत भरल्या होत्या आणि ते बरोबरच होतं. सचिवांचा आग्रह होता की अहवाल मराठी आहे तर रकमाही मराठीत दिसाव्यात. म्हणून कुणीतरी त्यातल्या काही रकमा पुन्हा मराठीत टाइप केल्या. हे करू नये. कोष्टकाचे सगळे कार्यक्रम मराठी आकड्यांना संख्या मानतील याचा भरवसा नसतो. काही जण त्यांना नुसता मजकूर समजतात आणि बेरजेत धरतच नाहीत. ओळखायची खूण म्हणजे चौकटीतला मजकूर आपोआप डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे. बेरीज कमी आली आणि काही रकमा डाव्या कडेला गेलेल्या दिसल्या की समजायचं.

आत इंग्रजी आकडा ठेवून फक्त दिसणं मराठी करता येतं. एक्सेलमध्ये त्या चौकटी निवडायच्या, फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम या पर्यायात जायचं आणि हे लिहायचं:

```
[$-4000439]#,##0
```

त्यातला सुरुवातीचा 4 देवनागरी अंकांचा. मग 111110 भरलं तरी आकडे मराठी दिसतात, बेरीज नेहमीसारखी होते. स्वल्पविराम लाखाच्या जागी पडेल की नाही हे विंडोजच्या प्रदेश-मांडणीवर ठरतं. तिथे भारत निवडलेला असला की १,११,११० असं येतं. हा आदेश फाइलबरोबर प्रवास करतो. विंडोजमध्येच सगळे आकडे देशी दाखवण्याची एक वेगळी सोयही आहे, ती मात्र फाइलबरोबर जात नाही. तुमच्या पडद्यावर मराठी, छापखान्याच्या पडद्यावर इंग्रजी. म्हणून शेवटची प्रत पीडीएफमध्येच द्यावी.

वेबसाइट करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला उशिरा कळली. जगभरच्या संगणकांनी कोणत्या भाषेला कोणते आकडे द्यायचे याची एक सामाईक नोंदवही असते. तिच्यात हिंदीच्या नावापुढे इंग्रजी आकडे आहेत आणि मराठीच्या नावापुढे देवनागरी. ब्राउझरला एकच संख्या दोन भाषांत मांडायला सांगितली की हे दिसतं:

```
(111110).toLocaleString('hi-IN')            // 1,11,110
(111110).toLocaleString('mr-IN')            // १,११,११०
(111110).toLocaleString('mr-IN-u-nu-latn')  // 1,11,110
```

मराठी भाषा ठेवूनही इंग्रजी आकडे हवे असतील तर तिसरी ओळ. उलट दिशेने मात्र ब्राउझर मदत करत नाही. वाचकाने अर्जात १२३ टाइप केलं तर `Number('१२३')` चं उत्तर येतं `NaN`, म्हणजे ‘ही संख्या नाही’. मराठीत अर्ज भरा म्हणायचं आणि मराठी आकडा नाकारायचा, हा प्रकार अनेक ठिकाणी यामुळेच होतो.

आता फॉन्ट. थकबाकीचं पान जुळवून झालं आणि पाहतो तर काय, डोळे फसत होते. वरच्या ओळीत १,११,११० आणि खालच्या ओळीत ८८,०५०. दोन्ही रकमा उजव्या कडेला टेकलेल्या, आणि डावीकडेही जवळजवळ एकाच रेषेत सुरू होणाऱ्या. सहा आकडी रक्कम आणि पाच आकडी रक्कम सारख्याच लांबीच्या दिसत होत्या. यादीवरून नजर फिरवणाऱ्याला कोण जास्त देणं लागतो ते कळू नये, अशी व्यवस्था झाली होती.

याचं कारण आकड्यांच्या जाडीत आहे. जाडी म्हणजे एक आकडा आडवी किती जागा घेतो ती. काही फॉन्टमध्ये प्रत्येक आकड्याला त्याच्या अंगकाठीप्रमाणे जागा देतात. १ हा अंगाने बारीक, ८ रुंद. समजा, टाइपच्या आकाराला एक धरलं तर १ ला ०.४० जागा आहे, ८ ला ०.६०, ५ ला ०.५५, शून्याला ०.५० आणि स्वल्पविरामाला ०.२५. आता बेरीज करा. १,११,११० मध्ये पाच एकांचे २.००, शून्याचे ०.५० आणि दोन स्वल्पविरामांचे ०.५०, मिळून ३.००. ८८,०५० मध्ये दोन आठांचे १.२०, एक स्वल्पविराम ०.२५, दोन शून्यांचे १.०० आणि पाचाचे ०.५५, मिळून तेही ३.००. बारा पॉइंटात दोन्ही रकमा ३६ पॉइंट लांब. एककाखाली एकक, दशकाखाली दशक ही शाळेतली शिस्त पार मोडली.

दुसऱ्या प्रकारच्या फॉन्टमध्ये दहाही आकड्यांना एकच जाडी असते. सगळ्यांना ०.५५ धरलं तर वरची रक्कम ३.८० होते आणि खालची ३.००. बारा पॉइंटात सुमारे साडेतीन मिलिमीटरचा फरक डावीकडे स्पष्ट दिसतो, आणि प्रत्येक स्थान बरोबर खालच्या स्थानावर बसतं. खिळ्यांच्या छपाईत आकड्यांचे खिळे सहसा एकाच जाडीवर ओतत ते याचसाठी, नाहीतर पंचांग आणि जमाखर्च जुळवणाऱ्या माणसाचं आयुष्य कातरणात गेलं असतं. गोष्टीच्या पुस्तकात मात्र हीच समान जाडी खटकते. १९११ सालात तीन बारीक एक एकमेकांपासून लांब उभे राहतात, दात पडल्यासारखे. म्हणजे एक प्रकार चांगला आणि दुसरा वाईट असं नाही. कोष्टकाला समान जाडी, सलग मजकुराला ज्याच्या त्याच्या अंगाची.

आपल्या फॉन्टमध्ये कोणता प्रकार आहे हे ओळखायला मी एकच चाचणी करतो. एका ओळीत १११११११११ आणि खालच्या ओळीत ८८८८८८८८८, दोन्ही डावीकडून सुरू. उजवी टोकं एका रेषेत आली तर समान जाडी. मग हीच चाचणी इंग्रजी आकड्यांवर करायची, कारण एकाच फॉन्टमध्ये इंग्रजी आकडे समान जाडीचे आणि मराठी आकडे विषम असंही आढळतं. लॅटिन भाग एकाने आखलेला असतो, देवनागरी भाग दुसऱ्याने, आणि आकड्यांपर्यंत येईतो बहुधा दोघांचाही उत्साह संपलेला असतो. काही फॉन्ट दोन्ही जाड्या पोटात ठेवतात. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर नंबर स्पेसिंग असं लिहिलेलं आहे, तिथे टॅब्युलर निवडायचं. इनडिझाइनमध्ये ओपनटाइपच्या यादीत हाच पर्याय मिळतो. फॉन्टमध्ये ती सोयच नसेल तर पर्याय निवडूनही काही हलत नाही, आणि बरेच जण मग संगणकालाच दोष देतात.

वर्डचा आणखी एक काच आहे. वर्ड इंग्रजी आकड्यांना लॅटिन फॉन्ट लावतं आणि मराठी आकड्यांना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा फॉन्ट, आणि या दोघांचे आकारही वेगवेगळे ठेवता येतात. म्हणून मराठी वाक्यात 2024 टाइप केलं की ते कधी शेजारच्या अक्षरांपेक्षा मोठं दिसतं, कधी बारकं, कधी वेगळ्याच घराण्यातलं. फॉन्टची पूर्ण चौकट उघडून दोन्हीकडे काय लिहिलंय ते पाहिल्याशिवाय हे सुटत नाही. मराठी मजकुरात आकडा तसाही उठून दिसतो, कारण त्याला शिरोरेषा नसते. शब्दांवरून धावणारी रेषा आकड्यापाशी तुटते. त्यात त्याची उंचीही जमली नाही तर ओळीला भोक पडल्यासारखं वाटतं. मराठी आकडे बहुतेक फॉन्टमध्ये शिरोरेषेच्या उंचीशी जुळवलेले असतात, इंग्रजी आकडे मात्र इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या उंचीशी. ही दोन मापं एकाच फॉन्टमध्येही नेहमी सारखी नसतात.

आकड्यांची वळणंही सगळीकडे एक नाहीत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने जे वळण घडवलं ते मराठी डोळ्यांत बसलं. उत्तरेकडच्या जुन्या छपाईत ५, ८ आणि ९ वेगळे दिसत, आणि नेपाळीत ५ आणि ८ ची वळणं आजही निराळी आहेत. काही फॉन्ट मजकुराची भाषा पाहून वळण बदलतात, म्हणून मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवून ठेवावी. टायरो देवनागरीसारखा फॉन्ट तर हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगवेगळा काढलेला आहे. माझा मुख्य आक्षेप मात्र १ आणि ९ वर असतो. लहान आकारात, फोटोकॉपीवर, काही फॉन्टमधला ९ हा १ पासून ओळखूच येत नाही. औषधाच्या चिठ्ठीत किंवा थकबाकीत हे परवडणारं नाही. आठ पॉइंटात ‘१९ ९१ ११ ९९’ छापून, त्याची फोटोकॉपी काढून, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचायला द्यावी. आमच्याकडे आई हे काम करते आणि फॉन्ट नापास करताना तिला जराही संकोच वाटत नाही.

वेळ लिहिण्याची खोड जाता जाता सांगतो. कित्येक जण १०:३० लिहिताना अपूर्णविरामाऐवजी विसर्ग टाइप करतात. जुन्या फॉन्टमध्ये ते खपून जायचं. युनिकोडमध्ये विसर्ग अक्षराला चिकटायला पाहतो, आकड्यापुढे त्याला अक्षर सापडत नाही, आणि मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. सभेच्या सूचनेत नेमकं तेच झालं होतं.

शेवटी अहवालात आम्ही असं ठरवलं: निवेदन, ठराव, तारखा आणि सभेची वेळ मराठी आकड्यांत. थकबाकीचं कोष्टकही मराठीच, पण समान जाडीच्या आकड्यांचा फॉन्ट फक्त त्या रकान्यांना, आणि रकमा एक्सेलमध्ये आतून इंग्रजी. बँकेचा खातेक्रमांक, आयएफएससी कोड, पॅन, मोबाइल नंबर आणि वीजबिलाचा ग्राहक क्रमांक इंग्रजीत, कारण ते कुणीतरी बघून यंत्रात टाइप करणार. एका आकड्याच्या आत दोन वळणं कुठेही नाहीत. सचिव थोडे नाराज झाले, खातेक्रमांकही मराठीत हवा होता त्यांना. खजिनदार काकांनी विचारलं, “आणि पैसे भलत्याच खात्यात गेले तर?” विषय तिथेच संपला.

पुढच्या वेळी अहवाल, पत्रिका किंवा दाराची पाटी करायला टाकाल तेव्हा फॉन्टचा नमुना मागताना नुसतं स्वतःचं नाव लिहून मागू नका. ० ते ९ ही ओळ आणि खाली १,११,११० व ८८,०५० या दोन रकमा एकाखाली एक छापून मागा.